'संकोच करावा' म्हणजे नेमकं काय? जपानी जलतरण तलावाची पाटी मराठीत आणताना

तोक्योच्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाई स्टेशनच्या आसपास भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांत पुण्या-मुंबईकडची मराठी घरंही आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन सार्वजनिक तलावावर जायचं, तर बरोबर बहुधा भारतातून आलेले आजी-आजोबा असतात. त्यांना जपानी येत नाही, आणि इंग्रजी पाटी असली तरी ते ती सुनेकडून किंवा नातवाकडून वाचून घेतात. अशा वाचकासाठी तलावाच्या नियमांची पाटी मराठीत करायची झाली, तर काय काय अडतं ते इथे एका पाटीवर दाखवलं आहे.

ही पाटी एका ठरावीक तलावाची नाही. वॉर्डांच्या आणि नगरपालिकांच्या बंदिस्त तलावांवर ज्या ओळी हमखास भेटतात, त्यांतल्या बारा एकत्र घेतल्या आहेत. प्रत्येक तलावाचा तपशील थोडा वेगळा असतो, पण भाषेची घडण सगळीकडे हीच.

बारापैकी तीन ओळींचा शेवट एकाच शब्दप्रयोगाने होतो: 'गोएन्र्यो कुदासाई'. एक ओळ डायपर न सुटलेल्या मुलांबद्दल आहे, दुसरी पाण्याखालून पोहण्याबद्दल आणि तिसरी पोहण्याच्या पट्ट्यात मध्येच उभं राहण्याबद्दल. जपानी वाचकाला तिन्ही ओळींचं वजन वेगवेगळं जाणवतं. शब्दकोश घेऊन बसलेल्या अनुवादकाला ते जाणवत नाही. पाटीचं सगळं अवघडपण इथे आहे; बाकीच्या ओळी त्यामानाने सोप्या.

एन्र्यो

'एन्र्यो' म्हणजे संकोच, भीड, स्वतःला आवरणं. जपानी शिकणाऱ्याला हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो यजमानाच्या तोंडी. ताटात वाढताना ते म्हणतात, 'गोएन्र्यो नाकु', म्हणजे आपल्याकडचं 'संकोच करू नका, पोटभर जेवा'. त्यामुळे हा शब्द मनात गोड होऊन बसतो. मग तोच शब्द पाटीवर येतो, 'नाकु' गळतं आणि 'कुदासाई' लागतं. अक्षरशः अर्थ होतो 'कृपया संकोच करावा'. पाटीच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ 'हे इथे चालत नाही' असा आहे. नकार देणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडून न उच्चारता समोरच्याच्या शहाणपणावर सोपवला आहे, एवढंच. शहाणपण न दाखवणाऱ्याचं काय होतं, ते पाटी सांगत नाही.

मराठीत याला जवळचा म्हणून हमखास सुचतो तो शब्द 'टाळावे'. 'पाण्याखालून पोहणे कृपया टाळावे.' वाचायला सभ्य आणि व्याकरणाला निर्दोष, पण इथे चुकीचा. मराठी माणूस 'टाळावे' कुठे वाचतो? डॉक्टरच्या चिठ्ठीवर: तेलकट टाळावे, जागरण टाळावे. तो सल्ला असतो, आणि न पाळल्यास नुकसान आपलं आपल्याशी. 'टाळावे' वाचून आजोबा मनात म्हणतील, 'दोनदा मारली बुडी तर काय बिघडलं?' त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी मराठी बरोबर वाचली.

दुसऱ्या टोकाची चूक करणारे अनुवादकही आहेत. एकदा कळलं की गोएन्र्यो ही खरं तर बंदीच आहे, की ते पाटीवरची प्रत्येक ओळ 'सक्त मनाई आहे' करून टाकतात. आपल्याकडच्या पाट्यांनी 'सक्त' हा शब्द इतका स्वस्त केला आहे की जिन्यात चपला ठेवण्यालाही सक्त मनाई असते आणि खाली 'हुकुमावरून' असतं. कुणाच्या हुकुमावरून, ते कुणालाच माहीत नसतं, आणि चपला तिथेच असतात. बारा ओळींत बारा वेळा 'सक्त' लिहिलं, तर पट्ट्यात उभं राहणं आणि उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणं एकाच पंगतीत बसतं. वाचक दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष करतो.

म्हणून जपानी शब्दाला एक ठरलेला मराठी शब्द जोडून भागत नाही. प्रत्येक ओळीचं वजन आधी शोधावं लागतं आणि मग त्या वजनाची मराठी घडण निवडावी लागते.

वजन कसं शोधायचं

पहिला मार्ग विचारण्याचा, पण प्रश्न बरोबर विचारायला हवा. तलावाच्या तिकीट-खिडकीवरच्या माणसाला 'हे निषिद्ध आहे का?' असं विचारलं, तर उत्तर येणार 'गोएन्र्यो इतादाइते ओरिमासु'. म्हणजे पाटीवरचंच वाक्य आणखी अदबीने. त्यातून काही हाती लागत नाही. प्रश्न कृतीबद्दल विचारावा: 'असं मूल घेऊन कुणी आलं, तर तुम्ही खिडकीवरच थांबवता का?' 'कुणी पाण्याखालून पोहताना दिसलं, तर कान्शिइन शिट्टी वाजवतो का?' कान्शिइन म्हणजे उंच खुर्चीवर बसणारा देखरेख करणारा कर्मचारी. कृतीबद्दल विचारलं की जपानी माणूस नेमकं उत्तर देतो.

दुसरा मार्ग कागदाचा. तलावाची नियमावली पाटीपेक्षा लांब आणि कोरडी असते. तिच्यात अदब कमी आणि स्पष्टता जास्त. पाटीवर जिथे गोएन्र्यो आहे, तिथे नियमावलीत कधी थेट 'प्रवेश करता येत नाही' असं सापडतं. असं सापडलं की वाद मिटला.

या दोन्ही मार्गांनी आपल्या तीन ओळींची वासलात अशी लागते.

डायपरची ओळ पूर्ण बंदीची आहे. मूल खिडकीवरच अडतं, अपवाद नाही. पाण्यात शी झाली तर सगळ्यांना पाण्याबाहेर काढून, पाण्याची शुद्धता पुन्हा जागेवर येईपर्यंत बंद ठेवावा लागतो, म्हणून इथे कुणी भीडेला पडत नाही. पाण्याखालून पोहण्याच्या ओळीत प्रवेश मिळतो, पण तसं केल्यावर कान्शिइन थांबवतो. बुडून पोहणारा आणि बुडणारा यांत वरून फरक करता येत नाही, हे त्याचं कारण. तिसरी ओळ सौम्य आहे. पट्ट्यात कुणी दम खायला थांबलं, तर मागचा माणूस वळसा घालून जातो. फारच झालं तर कर्मचारी कोपऱ्याकडे बोट दाखवतो.

एकच शब्द, तीन वजनं. मराठीत ती तीन वेगवेगळ्या घडणींनीच दाखवावी लागतात: 'प्रवेश नाही', 'करू नये' आणि 'शक्यतो करू नये'. मूळ पाटीत एक शब्द असताना मराठीत तीन का, असा आक्षेप कार्यालयाकडून येऊ शकतो. त्यावर उत्तर सरळ आहे. जपानी वाचक उरलेला अर्थ सवयीने भरून घेतो. ती सवय मराठी वाचकाकडे नाही, म्हणून ती शब्दांत उतरवावी लागते.

मराठीच्या पायऱ्या

मराठीत मनाईच्या छटा पुरेशा आहेत, फक्त पाटी लिहिताना आपण त्या वापरत नाही. या पाटीसाठी पाच पायऱ्या ठरवल्या आणि प्रत्येक पायरीला एकच घडण दिली. पाटीभर तिच्यात बदल केला नाही. अनुवादकाला एकच शब्द पुन्हा वापरायची लाज वाटते, म्हणून तो एकदा 'मनाई', एकदा 'बंदी', एकदा 'निषिद्ध' असं फिरवत राहतो. निबंधात ते शोभतं. पाटीवर वाचकाला वाटतं, शब्द वेगळा म्हणजे नियमही वेगळा.

सर्वांत वरची पायरी 'सक्त मनाई', आणि ती अख्ख्या पाटीत एकदाच वापरायची. जपानीतला 'गेन्किन' हा शब्द तिच्या तोडीचा. तो जिथे आग लागू शकते तिथल्या पाट्यांवर असतो, आणि तलावावर सूर मारण्याच्या ओळीत. तिच्याखाली नुसती 'मनाई आहे'. ही 'किन्शी'साठी, उदाहरणार्थ छायाचित्रणाला. तिसरी पायरी 'प्रवेश नाही' किंवा 'प्रवेश दिला जात नाही', जिथे माणूस दारातच अडतो. चौथी 'करू नये'. पाचवी 'शक्यतो करू नये'.

'नये' आणि 'नका' यांत 'नये' का घेतलं, हे थोडं सांगायला हवं. 'पळू नका' हे बोलणारं वाक्य आहे. समोर कुणी तरी उभं राहून सांगतंय. 'पळू नये' मध्ये बोलणारा नाही, नियम आहे. 'फुले तोडू नयेत', 'वाहने उभी करू नयेत' या पाट्या वाचतच आपण मोठे झालो, त्यामुळे 'नये' दिसलं की ते पाटीचं बोलणं आहे हे कळतं. त्याला 'कृपया' आणि 'ही नम्र विनंती' मात्र लावू नये. सोसायटीच्या नोटिशींनी त्या शब्दांची किंमत ठरवून टाकली आहे. नम्र विनंती म्हणजे सचिव हताश झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. जपानी अदब वाया जाऊ नये म्हणून पाटीच्या तळाशी एकच ओळ ठेवली: 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' मूळ पाटीच्या शेवटीही बहुतेकदा सहकार्याची ओळ असते, त्यामुळे पदरचं काही घातलं असंही होत नाही.

ज्या ओळीत मनाई दिसतच नाही

पाटीवर एक ओळ अशी: 'दर तासाला पन्नासाव्या मिनिटापासून दहा मिनिटं क्यूकेई.' क्यूकेई म्हणजे विश्रांती. बस, एवढंच. क्रियापदात ना नकार, ना आज्ञा. हे जसंच्या तसं मराठीत आणलं, तर 'विश्रांतीची वेळ' ही सोय वाटते. दमला असाल तर बसा, नसाल तर पोहत राहा. प्रत्यक्षात दहा वाजून पन्नास मिनिटांनी घोषणा होते किंवा शिट्टी वाजते, आणि सगळे पाण्याबाहेर येतात. एकही माणूस पाण्यात राहत नाही. मोकळ्या पाण्यात तळाशी काही नाही ना, हे कर्मचारी त्या वेळात पाहून घेतात. सगळे काठावर बसले आहेत आणि एकटे आजोबा सावकाश पाठीवर तरंगत आहेत, हे दृश्य टाळायचं तर मराठीत जास्तीचं वाक्य लिहावंच लागतं: 'या वेळात सर्वांनी पाण्याबाहेर यावे.' मूळ मजकुरात ते नाही, हे खरं. पण मूळ वाचकाला ते ऐकू येतं.

'पूरुसाइदो वा आरुकिमाशो' या ओळीतही नकार नाही. 'तलावाच्या काठाने चालूया' असा तिचा सरळ अर्थ. मराठीत हे फेरफटक्याचं आमंत्रण झालं. ओळ लहान मुलांसाठी आहे आणि सांगायचं आहे ते हे की ओल्या फरशीवर पळायचं नाही. जपानीत मुलांना शिस्त लावताना हे 'आपण असं करूया' रूप वापरतात. मराठीत त्या जागी 'पळायचं नाही' असं म्हणतात. घरात, शाळेत, सगळीकडे मोठी माणसं लहानांना असंच सांगतात: 'भिंतीवर लिहायचं नाही', 'मधेमधे बोलायचं नाही'. यात धाक फारसा नाही, पण सूटही नाही. वजन अगदी बरोबर बसतं. म्हणून मुलांच्या उंचीवर चित्रासकट लावलेल्या छोट्या पाटीवर 'काठावर पळायचं नाही' लिहावं, आणि मोठ्या पाटीवर 'काठावर पळू नये, चालावे'. नियम एकच, वाचक दोन.

सूर, उडी, मुटका

गेन्किनची ओळ वजनाने सोपी, पण शब्दाने अवघड आहे. 'तोबिकोमी' मध्ये काठावरून पाण्यात स्वतःला झोकून देण्याचे सगळे प्रकार येतात. मराठीत या प्रकारांना वेगवेगळी नावं आहेत. हात पुढे करून डोक्यावर जातो तो सूर, पायावर जाते ती उडी, आणि गुडघे पोटाशी घेऊन पाणी उडवत जातो तो मुटका. नुसतं 'सूर मारण्यास सक्त मनाई' लिहिलं, तर विहिरीत पोहून वाढलेला माणूस मुटका मारायला मोकळा. नुसतं 'उडी' लिहिलं, तर तो म्हणेल मी सूर मारला. म्हणून 'काठावरून पाण्यात सूर किंवा उडी मारण्यास सक्त मनाई आहे' असं दोन्ही घ्यावं. मुटका उडीत येतो असं धरायला हरकत नाही.

'डुबकी' हा शब्द मात्र इथे नको. तो पाण्याखालून पोहण्याच्या ओळीशी घोटाळा करतो. त्या ओळीतल्या 'सेन्सुई'चा अर्थ दम धरून पाण्याखालून अंतर कापणं असा आहे. पोहता पोहता डोकं पाण्यात जाणं त्यात येत नाही.

या ओळीला सर्वांत वरची पायरी का, हे पाण्याची खोली सांगते. सार्वजनिक तलावांचं पाणी बऱ्याच ठिकाणी मोठ्या माणसाच्या छातीपर्यंतच असतं. तेवढ्या पाण्यात डोक्यावर गेलेला माणूस तळाला आपटतो आणि मानेचा मणका मोडतो. आपल्याकडे विहिरीचं पाणी खोल असतं, त्यामुळे उडी मारण्यातला धोका वेगळा. वाचकाच्या मनातला धोका आणि पाटीवरचा धोका इथे जुळत नाहीत, म्हणून शब्द पुरेसा जड हवा.

शोषणाच्या तोंडाची ओळ

पाणी गाळण्यासाठी जिथून ओढलं जातं, त्या तोंडाजवळ जाऊ नये, अशी एक ओळ असते. क्रियापद मधलंच आहे: 'चिकाझुकानाइदे कुदासाई', जवळ जाऊ नका. अदबीचं, साधं. पण तिच्यामागे एक मृत्यू आहे. ३१ जुलै २००६ रोजी साइतामा प्रांतातल्या फुजिमिनो शहराच्या सार्वजनिक तलावात ७ वर्षांची एक मुलगी अशा तोंडात ओढली जाऊन मरण पावली. तोंडावरची जाळी बोल्टने बसवलेली असायला हवी होती. ती तारेने बांधलेली होती आणि निघून आली होती. त्यानंतर मार्च २००७ मध्ये सरकारने तलावांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली. तिच्यात जाळी घट्ट पक्की करणं आणि ती निघालीच तरी माणूस आत ओढला जाऊ नये म्हणून आतल्या बाजूला दुसरा अडसर ठेवणं, या गोष्टी आल्या.

अनुवादकाला हे माहीत असेल, तर हात शिवशिवतो की ही ओळही 'सक्त मनाई' करावी. तसं करू नये. वजन शोधणं हे आपलं काम, ते वाढवणं नाही. पाटी ज्यांची आहे, त्यांनी क्रियापद मधलं ठेवलं, पण ओळीच्या सुरुवातीला लाल अक्षरांत 'किकेन' म्हणजे 'धोका' लिहिलं आहे. वजन त्या शब्दात आहे. मराठीतही तसंच ठेवावं: 'धोका! पाणी ओढणाऱ्या जाळीजवळ जाऊ नये.' 'शोषण-मुख' वगैरे शब्द बनवू नयेत. जाळी डोळ्यांना दिसते आणि पाणी ओढलं जातं हे कळतं, तेवढं पुरे. हा 'धोका' छापताना काळा झाला, तर मात्र ओळ पायरीवरून घसरते. छापखान्यात दोन रंगांची पाटी एका रंगात उरकणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून नमुना हातात आल्यावर आधी हाच शब्द पाहावा.

खोबरेल तेल, मंगळसूत्र आणि आजीचं गोंदण

काही ओळींत शब्दाचं वजन बरोबर येतं, पण नियमाची हद्द चुकते. मग वाचकाला वाटतं, हे माझ्यासाठी नाही.

मेकअप, 'सेइहात्सुर्यो' आणि सनस्क्रीन धुऊन मगच या, अशी एक ओळ असते. मधल्या शब्दाचा अर्थ केस बसवायची द्रव्यं: जेल, मेण, फवारा. 'केशप्रसाधने' असा अनुवाद केला, तर सकाळी डोक्याला खोबरेल तेल चोपडून निघालेल्या आजीला त्यात स्वतःचं तेल दिसणार नाही. तेल तिच्या लेखी प्रसाधन नाहीच. पाण्याच्या दृष्टीने मात्र तेलही वाईटच. जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या २००७च्या मानकाप्रमाणे तलावाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरमागे निदान ०.४ मिलिग्रॅम असावा लागतो. सेंद्रिय मळ मोजण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट किती खर्ची पडतं ते पाहतात, आणि त्याची मर्यादा लिटरमागे १२ मिलिग्रॅम आहे. तेल, घाम, क्रीम हा सगळा असाच मळ. तो क्लोरीन खातो आणि गाळणीत अडकतो. म्हणून मराठी पाटीवर 'केसांचे तेल' हे शब्द स्पष्ट घालावेत, आणि तेही यादीत सर्वांत आधी.

त्याच ओळीत दागिने काढून ठेवायला सांगितलं आहे. 'दागिने' वाचून बांगड्या आणि कानातलं निघेल. मंगळसूत्र निघेलच असं नाही, कारण ते नेसण्याचा भाग आहे, मिरवण्याचा नाही. धातूची साखळी दोराला किंवा दुसऱ्याच्या हाताला अडकते, तुटते, मणी पाण्यात जातात. नियमाला सौभाग्याशी देणं-घेणं नाही. पण 'मंगळसूत्र काढावे' असं पाटीवर लिहिणंही बरं नाही. जपानी कार्यालयाने ते म्हटलेलं नाही आणि मराठी वाचकाला ते टोचेल. 'अंगावरील सर्व दागिने, गळ्यातील साखळीसह, काढून ठेवावेत' यात ते येतं आणि नाव घ्यावं लागत नाही. ही माझ्या मते या पाटीतली सर्वांत नाजूक जागा आहे. इथे कार्यालयाला आधी विचारून घ्यावं की गळ्यातलं कपड्याखाली घट्ट झाकलेलं चालतं का. चालत असेल तर तेही लिहावं.

गोंदणाची ओळ 'ओकोतोवारी शिमासु' ने संपते, म्हणजे आम्ही नकार देतो. इथे कर्ता संस्था आहे. 'मनाई' लिहिलं, तर गोंदवलेला माणूसच गुन्हेगार ठरतो. 'दिला जाणार नाही' लिहिलं तर धमकी होते. 'प्रवेश दिला जात नाही' यात संस्थेची रीत सांगितली जाते, आणि मूळचं वजन तेच आहे. पण शब्द कोणता, 'टॅटू' की 'गोंदण'? जपानीत पाटीवर दोन्ही असतात, 'इरेझुमी' हा जुना शब्द आणि 'तातू' हा नवा. मराठीतही दोन्ही घ्यावेत. नुसतं 'टॅटू' वाचून हातावर नवऱ्याचं नाव किंवा कपाळावर तीन ठिपके गोंदलेली आजी म्हणेल, ही तरुण पोरांची गोष्ट. खिडकीवर मात्र तिच्या हाताकडे बोट दाखवलं जाऊ शकतं. काही तलाव लांब बाह्यांच्या पोहण्याच्या सदऱ्याने झाकलं तर आत घेतात, काही घेत नाहीत. झाकण्याची सोय असेल, तर ती त्याच ओळीत लिहावी, तळटिपेत नको.

डायपरच्या ओळीतही हद्दीचा असाच सापळा आहे. 'डायपर घातलेल्या मुलांना प्रवेश नाही' असं लिहिलं, की आई-वडील डायपर काढून मूल पाण्यात सोडतात. नियमाचं हे थेट उलटं झालं. जपानी ओळ डायपर न सुटलेल्या मुलाबद्दल आहे, त्या दिवशी घातलेल्या डायपरबद्दल नाही. 'डायपरची सवय न सुटलेल्या मुलांना प्रवेश नाही' हे बरोबर. पोहण्याचा खास डायपर चालतो का, हा पुढचा प्रश्न वाचकाला पडणारच, म्हणून कार्यालयाला विचारून तेही वाक्य जोडावं.

शेवटची ओळ: कोण कुणाला बाहेर काढतं

बाराव्या ओळीत सगळ्या पाटीची ताकद आहे. देखरेख करणाऱ्यांच्या सूचना न पाळल्यास 'ताइजो शिते इतादाकु कोतो गा आरिमासु'. 'इतादाकु' हे घेणाऱ्याने नम्रपणे घेण्याचं क्रियापद. अक्षरशः, 'आपलं बाहेर जाणं आमच्या पदरी पडण्याचा प्रसंग येतो'. इतकं विनम्र वाक्य वाचून हसू येतं, पण तो प्रसंग आला की बाहेर जावंच लागतं. मराठीत 'बाहेर जाण्याची विनंती केली जाईल' म्हटलं, तर विनंती नाकारता येते. 'हाकलून देण्यात येईल' म्हटलं, तर अपमान होतो. 'बाहेर जावे लागेल' या घडणीत सक्ती पूर्ण आहे आणि कुणी हात धरून काढत नाही.

'कोतो गा आरिमासु' म्हणजे दर वेळी नाही, पण कधी कधी. तो भाग गाळला, तर शिक्षा मूळपेक्षा कडक होते. मराठीत त्याला 'प्रसंगी' हा एक शब्द पुरतो: 'सूचना न पाळणाऱ्यास प्रसंगी तलावाबाहेर जावे लागेल.'

ग्रंथालयाच्या पाटीवर हीच शब्दसंपत्ती भेटते, पण पायऱ्या जशाच्या तशा उचलू नयेत. तिथेही खाण्यापिण्याला आणि फोनवर बोलण्याला गोएन्र्यो असतं. पण बऱ्याच ठिकाणी झाकणाची बाटली चालते, आणि बोलणाऱ्याला कर्मचारी हळूच येऊन बाहेरची जागा दाखवतो. तिथे वजन पुन्हा नव्याने शोधायचं.

तयार पाटी

तलावाचे नियम

१. काठावरून पाण्यात सूर किंवा उडी मारण्यास सक्त मनाई आहे.
२. काठावर पळू नये, चालावे.
३. पोहण्याची टोपी सक्तीची आहे.
४. केसांचे तेल, मेकअप व सनस्क्रीन धुऊन मगच पाण्यात उतरावे. अंगावरील सर्व दागिने, गळ्यातील साखळीसह, काढून ठेवावेत.
५. धोका! पाणी ओढणाऱ्या जाळीजवळ जाऊ नये.
६. डायपरची सवय न सुटलेल्या मुलांना प्रवेश नाही.
७. पाण्याखालून पोहू नये.
८. पोहण्याच्या पट्ट्यात शक्यतो मध्येच उभे राहू नये.
९. मद्य घेतलेल्यांना, तसेच अंगावर गोंदण किंवा टॅटू असलेल्यांना प्रवेश दिला जात नाही.
१०. छायाचित्रे व व्हिडिओ घेण्यास मनाई आहे.
११. दर तासाच्या ५०व्या मिनिटापासून १० मिनिटे विश्रांती. या वेळात सर्वांनी पाण्याबाहेर यावे.
१२. देखरेख करणाऱ्यांच्या सूचना पाळाव्यात. न पाळणाऱ्यास प्रसंगी तलावाबाहेर जावे लागेल.

आपल्या सहकार्याबद्दल आभार.

तिसऱ्या ओळीतल्या 'सक्तीची' बद्दल एवढंच की मूळ वाक्यात 'कानाराझु' म्हणजे 'न चुकता' आहे. 'आवश्यक' म्हटलं असतं, तर न्यायची राहिली तरी चालेल असं वाटलं असतं. टोपीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत.

पाटी लावण्याआधी ती अशा मराठी माणसाला वाचायला द्यावी ज्याने जपानी पाटी पाहिलेली नाही. त्याला 'कळली का?' असं विचारू नये, कारण तो 'हो' म्हणेल. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: 'हे केलं तर काय होईल?' 'दारातच अडवतील', 'शिट्टी मारतील', 'कुणी काही म्हणणार नाही', अशी उत्तरं येतात. ती खिडकीवरून मिळालेल्या उत्तरांच्या शेजारी मांडावीत. जिथे जुळत नाहीत, ती ओळ पुन्हा लिहावी. दोन-तीन वाचक पुरतात, पण त्यांतला एक तरी साठीच्या पुढचा असावा.

आणि ओळींचे क्रमांक मूळ जपानी पाटीशी तंतोतंत जुळलेले हवेत. कान्शिइनला मराठी येत नाही. सातव्या ओळीवरून कुणाला थांबवायचं असेल, तर तो जपानी पाटीवरची सातवी ओळ शोधतो आणि मराठी पाटीवरच्या सातवर बोट ठेवतो.